उणे सेल्सिअसचं फॅरनहाइट करताना चिन्ह चुकू नये म्हणून

लेहमध्ये रात्री उणे १० अंश सेल्सिअस, असा अंदाज आहे. अमेरिकेतून येणाऱ्या भाचीला हा आकडा फॅरनहाइटमध्ये कळवायचा आहे. तेच सूत्र वापरून या एका आकड्याची चार उत्तरं निघतात: ५०, उणे ५०, ३९.६ आणि १४. बरोबर उत्तर १४ आहे. पहिल्या उत्तरात उणे चिन्ह हरवलं आहे. दुसऱ्यात ते आधी बाजूला ठेवलं आणि ३२ मिळवून झाल्यावर शेवटी चिकटवलं. तिसऱ्यात आधी ३२ मिळवले आणि मग गुणाकार केला. गंमत म्हणजे तिन्ही चुका करणाऱ्यांना सूत्र पाठ असतं.

सूत्र असं आहे:

```
F = C × 9/5 + 32
```

सेल्सिअसचा आकडा धन असेल तर हे सूत्र डोळे मिटून वापरा, काही बिघडत नाही. आकडा शून्याखाली गेला की त्यातलं ‘+ 32’ घात करतं, कारण बेरीज दिसली की हात आपोआप आकडा वाढवायला जातो. म्हणून खाली हेच गणित जरा वेगळ्या क्रमाने मांडलं आहे. त्यात उणे चिन्ह घेऊन गुणाकार नाही आणि ऋण-धन बेरीजही नाही. शून्याखालच्या प्रत्येक आकड्यासाठी एकच कृती: ३२ मधून वजा करा.

असं का चालतं ते आधी बघू. सेल्सिअसचं शून्य म्हणजे पाण्याचा गोठणबिंदू. उणे १० याचा अर्थ पारा गोठणबिंदूच्या १० अंश खाली आहे, एवढाच. फॅरनहाइटमध्ये तोच गोठणबिंदू ३२ वर आहे. गोठणबिंदूपासून उत्कलनबिंदूपर्यंत सेल्सिअसच्या १०० पायऱ्या आहेत आणि फॅरनहाइटच्या १८०, म्हणजे सेल्सिअसची एक पायरी फॅरनहाइटच्या १.८ पायऱ्यांएवढी. तेव्हा सेल्सिअसच्या १० पायऱ्या उतरलो म्हणजे फॅरनहाइटच्या १८ उतरलो, आणि ३२ वरून १८ उतरलं की १४. गोठणबिंदूखालच्या या अंतराला पुढे मी ‘घसरण’ म्हणतो. बातम्यांतला पारा तसाही रोज घसरतच असतो.

टप्पा १: आकडा नीट उतरवून घ्या

निम्म्या चुका गणिताच्या नसतातच, आकडा वाचतानाच झालेल्या असतात. कागदावर काही लिहिण्याआधी तीन गोष्टी पक्क्या करा.

पहिली, चिन्ह खरंच कुठे आहे. हवामानाच्या ॲपमध्ये किंवा बातमीत पट्टा देताना मधली आडवी रेघ आणि उणे चिन्ह सारखंच दिसतं. ‘-5 - -12’ असं छापलेलं असेल तर तो उणे ५ ते उणे १२ असा पट्टा आहे. पण ‘-12-5’ दिसलं तर ते उणे १२ ते धन ५ आहे की उणे १२ ते उणे ५, हे नुसत्या रेघांवरून कळत नाही. अशा वेळी त्याच ठिकाणचा तासागणिक अंदाज उघडा आणि दुपारचा आकडा धन आहे की ऋण ते बघा. अंदाजाने चिन्ह लावू नका.

दुसरी, हा आकडा तापमान सांगतो की फरक. भारतीय हवामान खात्याच्या शहरवार तक्त्यात कमाल-किमान तापमानाशेजारी सरासरीपासूनचा फरक दिलेला असतो, आणि तोही उण्यात असू शकतो. किमान तापमानाच्या रकान्यात उणे १३ आणि शेजारी उणे ३ असेल, तर ते उणे ३ तापमान नाही. नेहमीपेक्षा ३ अंश जास्त थंडी आहे, इतकंच त्यातून कळतं. फरकाचं गणित वेगळं आहे आणि ते पुढे टप्पा ७ मध्ये दिलं आहे.

तिसरी, आकडा सेल्सिअसचाच आहे ना. फोनची सेटिंग अमेरिकेची असेल तर ॲप फॅरनहाइटच दाखवत असतं. जानेवारीत लेहच्या रात्रीला ‘९’ दिसले आणि शेजारी एकक नसेल, तर बहुधा ते आधीच फॅरनहाइटमध्ये आहेत. त्यांचं पुन्हा रूपांतर केलं की ४८ येतात आणि पाहुणी पातळ जाकीट घेऊन विमानात बसते.

आता उणे चिन्हाऐवजी शब्द लिहा. ‘-१२’ असं न लिहिता ‘घसरण १२’ असं लिहिलं की पुढच्या दोन टप्प्यांत चिन्हाकडे बघायचीच गरज राहत नाही.

*तपासा: कागदावर ठिकाण, वेळ, ‘घसरण’ आणि ‘सेल्सिअस’ या चारही गोष्टी आहेत का? आकडा धन असेल, समजा दुपारचं १ अंश, तर ‘घसरण’ लिहू नका. त्याला नेहमीचं सूत्र लागतं आणि तिथे ३२ मिळवायचेच असतात.*

टप्पा २: घसरणीला १.८ ने गुणा

हे तोंडी करायची सोपी रीत आहे. घसरण दुप्पट करा आणि त्या दुपटीचा दहावा भाग दुपटीतूनच वजा करा.

घसरण १२ घेऊ. दुप्पट २४. त्याचा दहावा भाग २.४. वजा केल्यावर २१.६.

घसरण ७ असेल तर दुप्पट १४, दहावा भाग १.४, उरले १२.६. घसरण २० असेल तर दुप्पट ४०, दहावा भाग ४, उरले ३६.

इथे एक चूक वारंवार होते: दहावा भाग मूळ घसरणीचा काढला जातो. बारावरून २४ केले आणि त्यातून १.२ वजा केले, तर २२.८ येतात. हा घोटाळा लहान आकड्यांत लपून राहतो, पण घसरण ३० ला पोचली की उत्तर ३ अंशांनी चुकतं.

दुसरा एक शॉर्टकट बराच फिरतो: दुप्पट करा आणि ३० मिळवा. पावसाळ्यातल्या किंवा वसंतातल्या तापमानाला तो चालतो, १० अंश सेल्सिअसला तर अगदी अचूक बसतो. पण तिथून जितकं खाली जाल तितकी चूक वाढते. उणे १० ला त्याचं उत्तर १० येतं, खरं १४ आहे. उणे ३० ला तो उणे ३० म्हणतो, खरं उणे २२ आहे. आठ अंशांचा हा फरक किरकोळ नाही. हिवाळी प्रवासासाठी तो विसरलेलाच बरा.

टप्पा ३: ३२ मधून वजा करा

सगळी मेख या टप्प्यात आहे. वजाबाकी करण्याआधी टप्पा २ चा आकडा ३२ पेक्षा लहान आहे की मोठा, ते बघा आणि उत्तराचं चिन्ह तिथेच ठरवून टाका.

*लहान असेल तर* उत्तर धन आहे. ३२ मधून तो आकडा वजा करा, संपलं. घसरण १२ चे २१.६ आले होते. ३२ − २१.६ = १०.४. उणे १२ अंश सेल्सिअस म्हणजे धन १०.४ अंश फॅरनहाइट.

*मोठा असेल तर* उत्तर ऋण आहे. आता उलटं करा: त्या आकड्यातून ३२ वजा करा आणि आलेल्या उत्तराला उणे चिन्ह लावा. घसरण २० चे ३६ आले होते. ३६ − ३२ = ४, म्हणून उत्तर उणे ४.

चिन्ह आधी ठरवा, असं मुद्दाम म्हणतोय. मोठ्या आकड्यातून लहान आकडा वजा करण्याची शाळेतली सवय इतकी मुरलेली असते की ‘४’ लिहून माणूस मोकळा होतो आणि उणे लावायचं राहून जातं. म्हणून ३६ हे ३२ पेक्षा मोठे आहेत हे लक्षात आल्याबरोबर कागदावर आधी ‘उणे’ लिहा, वजाबाकी त्यानंतर.

उणे आणि धन यांमधली सीमा सेल्सिअसच्या उणे १७.८ ला येते. तिथे फॅरनहाइटचं शून्य आहे. म्हणजे सेल्सिअसमध्ये ० आणि उणे १७ यांच्या मधला कुठलाही आकडा फॅरनहाइटमध्ये धनच असतो. उणे चिन्ह तिथे गायब व्हायलाच हवं. हे पटत नाही म्हणून काही जण बरोबर आलेल्या १०.४ ला शेवटी ‘उणे’ चिकटवतात आणि धडधडीत चुकीचं उत्तर पाठवतात.

*सावधान: अमेरिकेतल्या माणसाला ‘शून्याखाली’ म्हटलं की त्याच्या डोळ्यांसमोर फॅरनहाइटचं शून्य येतं, आपलं उणे १८. लेहला दुपारी उणे ३ असताना त्याला ‘शून्याखाली आहे’ असं कळवलंत, तर तो निदान सव्वीस अंश फॅरनहाइटने जास्त थंडी धरून चालेल. त्याच्याशी बोलताना ‘गोठणबिंदूखाली’ म्हणा आणि सोबत आकडा द्या.*

टप्पा ४: पूर्णांक शेवटी, आणि तोही एकदाच

मधल्या टप्प्यात २१.६ चे २२ करू नका. दशांश शेवटपर्यंत न्या आणि उत्तर आल्यावर जवळच्या पूर्णांकाला आणा.

ऋण उत्तरात इथेही एक खड्डा आहे. उणे ७.६ चा जवळचा पूर्णांक उणे ८ आहे. दशांश नुसता खोडून टाकला तर उणे ७ उरतात. एका अंशाने फार बिघडत नाही हे खरं, पण ही चूक प्रत्येक वेळी थंडी कमी दाखवणाऱ्या बाजूलाच जाते. उणे ०.४ आलं तर शून्य लिहा. ‘उणे शून्य’ लिहिलेलंही पाहिलं आहे. वाचणारा त्यात चिन्ह चुकलं की आकडा, हे शोधत बसतो.

टप्पा ५: कुंपणाच्या खुंट्यांनी पडताळा

पाच जोड्या पाठ करा, किंवा फोनमध्ये लिहून ठेवा:

० °से. → ३२ °फॅ.
−१० °से. → १४ °फॅ.
−२० °से. → −४ °फॅ.
−३० °से. → −२२ °फॅ.
−४० °से. → −४० °फॅ.

प्रत्येक वेळी सेल्सिअस १० ने उतरतं आणि फॅरनहाइट १८ ने. पाठ झाल्या नाहीत तरी ३२ मधून १८-१८ उतरत गेलं की त्या पुन्हा मिळतात.

तुमचं उत्तर शेजारच्या दोन खुंट्यांच्या मध्ये पडलं पाहिजे. उणे १२ हे उणे १० आणि उणे २० च्या मध्ये आहे, म्हणून उत्तर १४ आणि उणे ४ यांच्या मध्ये हवं, आणि १४ च्या बाजूला. १०.४ बसतं. उणे ५३.६ आलं असतं तर पहिल्या नजरेतच पकडलं गेलं असतं.

दुसरी पडताळणी याहून झटपट होते, पण फार कुणाला माहीत नसते. उणे ४० पर्यंत फॅरनहाइटचा आकडा सेल्सिअसच्या आकड्यापेक्षा नेहमी वरचाच असतो. उणे ४० ला दोन्ही एक होतात आणि त्याखाली हे नातं उलटतं. म्हणून सेल्सिअस उणे २५ असताना फॅरनहाइट उणे १३ येऊ शकतं, उणे ७७ कधीच नाही. प्रवाशाला उणे ४० च्या खाली जायची वेळ सहसा येत नाही, त्यामुळे व्यवहारात नियम एवढाच: दोन्हीकडे उणे असेल तर फॅरनहाइटचा अंक सेल्सिअसच्या अंकापेक्षा लहान असायला हवा. मोठा आला तर चिन्हात घोळ आहे.

टप्पा ६: खरा प्रवास, लेह आणि चादर

जानेवारीतली लेहची सहल आणि तिला जोडून गोठलेल्या झंस्कार नदीवरची चादर पदयात्रा, असा बेत धरू. खालचे आकडे नमुन्याचे आहेत, त्या दिवसांत साधारण पडणाऱ्या थंडीचे. प्रत्येक दिवसाचं कमाल आणि किमान द्यायचं आहे.

पहिला दिवस, कमाल उणे २, किमान उणे १३. कमालची घसरण २, तिचे ३.६, आणि ३२ मधून गेल्यावर २८.४. किमानची घसरण १३: दुप्पट २६, दहावा भाग २.६, उरले २३.४. ते ३२ पेक्षा लहान आहेत, म्हणून उत्तर धन: ८.६. कळवायचे आकडे २८ आणि ९. सेल्सिअसमध्ये दोन्ही उणे होते, फॅरनहाइटमध्ये दोन्ही धन आहेत, आणि हे बरोबर आहे.

दुसरा दिवस, कमाल १, किमान उणे ९. इथे एकाच ओळीत दोन रीती लागतात. धन १ ला नेहमीचं सूत्र: १.८ अधिक ३२, म्हणजे ३३.८. घसरण ९ चे १६.२, आणि ३२ मधून गेल्यावर १५.८. अशा मिश्र ओळीत हात एका रीतीवर बसलेला असतो आणि कमाल १ चेही ३०.२ होऊन जातात. ३०.२ गोठणबिंदूच्या खाली आहे आणि १ सेल्सिअस वर, एवढं बघितलं तरी चूक दिसते.

तिसरा दिवस, किमान उणे १८. घसरण १८: दुप्पट ३६, दहावा भाग ३.६, उरले ३२.४. ३२ पेक्षा जरासे मोठे, म्हणून ‘उणे’ आधी लिहा: उणे ०.४. कळवायचं शून्य.

आता चादरीवरची मुक्कामाची रात्र, किमान उणे २४. घसरण २४: दुप्पट ४८, दहावा भाग ४.८, उरले ४३.२. ३२ पेक्षा मोठे. उणे, आणि ४३.२ − ३२ = ११.२. उत्तर उणे ११.२, म्हणजे उणे ११. खुंट्यांनी बघू: उणे २० ला उणे ४, उणे ३० ला उणे २२, आणि आपला आकडा मध्ये आहे. चोविसापेक्षा अकरा लहान, तेही जुळलं.

या रात्रीच्या आकड्यावर स्लीपिंग बॅग ठरते, म्हणून इथे जरा थांबू. अमेरिकी बाजारासाठी बनलेल्या बॅगेवर ‘०’ किंवा ‘२०’ असं लिहिलेलं असतं ते फॅरनहाइट असतं. शून्याची बॅग उणे १७.८ सेल्सिअसची, आणि वीसची बॅग उणे ६.७ ची. भाचीकडे शून्याची बॅग आहे आणि तिला उणे २४ चं रूपांतर हवं आहे. उणे चिन्ह राहून गेलं आणि तिला ‘११’ कळवलं, तर ती म्हणेल, माझी बॅग शून्यापर्यंत चालते, अकरा अंश हाताशी आहेत. प्रत्यक्षात ती अकरा अंश कमी पडणार आहे. उत्तरात एक रेघ सुटली आणि अंदाज बावीस अंशांनी फिरला, तोही नदीच्या बर्फावर तंबूत झोपायच्या रात्री.

बॅगेच्या लेबलावर बरेचदा दोन आकडे असतात, ‘कम्फर्ट’ आणि ‘लिमिट’. बॅगेच्या नावात मिरवणारा आकडा बहुधा लिमिटच्या जवळचा असतो, आणि लिमिट म्हणजे अंगाची मुटकुळी करून कशीबशी काढलेली रात्र. तुलना कम्फर्टच्या आकड्याशी करा, आणि दोन्ही आकडे एकाच एककात आणल्यावरच करा.

कळवताना संदेशात एकक, चिन्ह आणि मूळ आकडा, तिन्ही द्या. असा: ‘चादरीवर रात्री उणे २४ सेल्सिअस, म्हणजे उणे ११ फॅरनहाइट, तुमच्या शून्याच्याही खाली.’ उणे शब्दात लिहिलं की फॉरवर्ड होताना रेघ हरवत नाही.

टप्पा ७: फरक आला तर ३२ ला हात लावू नका

‘रात्रीतून पारा आणखी ८ अंशांनी उतरेल.’ हे ८ अंश म्हणजे ८ पायऱ्या. त्या गोठणबिंदूपासून मोजलेल्या नाहीत, म्हणून इथे ३२ चा काही संबंध नाही. नुसतं १.८ ने गुणा: १४.४ अंश फॅरनहाइटने उतरेल.

दोन वाटांनी करून बघा, म्हणजे मनात पक्कं बसेल. संध्याकाळी उणे ६ आहे. घसरण ६ चे १०.८, आणि ३२ मधून गेल्यावर २१.२. त्यातून १४.४ उतरा: ६.८. आता दुसरी वाट: उणे ६ वरून ८ उतरलं की सेल्सिअसमध्येच उणे १४. घसरण १४ चे २५.२, आणि ३२ मधून गेल्यावर ६.८. जुळलं.

हवामान खात्याच्या तक्त्यातला सरासरीपासूनचा फरक याच रीतीने जातो. उणे ३ असेल तर ३ गुणिले १.८, म्हणजे नेहमीपेक्षा ५.४ अंश फॅरनहाइटने कमी. इथे उणे चिन्ह ‘कमी’ या शब्दात गेलं. त्याच उणे ३ ला तापमान समजून रूपांतर केलं तर २६.६ येतात, आणि त्यांना या जागी काहीच अर्थ नाही.

*सावधान: वाक्यात ‘ने’ किंवा ‘नी’ आहे का बघा. ‘८ अंशांनी उतरेल’ हा फरक आहे, ‘उणे ८ अंशांवर उतरेल’ हे तापमान आहे. इंग्रजी बातमी मराठीत उतरवताना हा प्रत्यय घाईत गळतो.*

टप्पा ८: सीमेपलीकडचा प्रवास आणि वाऱ्याचा आकडा

कॅनडातल्या विनिपेगहून दक्षिणेला निघालं की एमर्सनजवळ सीमा ओलांडून अमेरिकेत पेम्बिना लागतं आणि पुढे महामार्ग २९ वरून ग्रँड फोर्क्स, फार्गो. एका दिवसाच्या गाडीप्रवासात अंदाजाचं एकक बदलतं. सीमेअलीकडे सेल्सिअस, पलीकडे फॅरनहाइट. मधे फक्त सपाट प्रेअरी आहे, थंडी तीच. आपल्याकडची मुलं तिकडे शिकायला किंवा नोकरीला गेली की सुट्टीतल्या या प्रवासांचे अंदाज घरच्या ग्रुपवर येतात आणि गोंधळ सुरू होतो.

नमुना म्हणून विनिपेगचा अंदाज धरू: कमाल उणे १६, किमान उणे २७, आणि विंड चिल, म्हणजे वाऱ्यामुळे अंगाला जाणवणारी थंडी, उणे ३८. ग्रँड फोर्क्सचा अंदाज: कमाल ४, किमान उणे १५, विंड चिल उणे ३५. वरवर पाहता दक्षिणेला दिवसा वीस अंशांनी ऊब आहे, असं वाटेल. रूपांतर करून बघू.

घसरण १६ चे २८.८, आणि ३२ मधून गेल्यावर ३.२. म्हणजे विनिपेगची कमाल ३ फॅरनहाइट, ग्रँड फोर्क्सची ४. फरक जवळजवळ नाहीच.

घसरण २७: दुप्पट ५४, दहावा भाग ५.४, उरले ४८.६. ३२ पेक्षा मोठे, म्हणून उणे: १६.६. पूर्णांकात उणे १७, ग्रँड फोर्क्सला उणे १५.

घसरण ३८: दुप्पट ७६, दहावा भाग ७.६, उरले ६८.४. उणे ३६.४. पलीकडे उणे ३५. इथे बघण्यासारखी गोष्ट अशी की उणे ३८ आणि उणे ३६ एकमेकांच्या किती जवळ आले. उणे ४० च्या आसपास दोन्ही मोजपट्ट्या एकत्र येतात, त्यामुळे तिथे रूपांतरानंतर आकडा फारसा बदललेला दिसत नाही. बदलला असेल तर शंका घ्या.

विंड चिलचा आकडा कॅनडाच्या अंदाजात बहुतेक वेळा एककाशिवाय येतो, नुसता ‘उणे ३८’. तो सेल्सिअसच्या पट्टीवरचाच असतो, म्हणून त्याला पूर्ण रूपांतर लागतं, ३२ सकट. दोन्ही देश २००१ पासून एकाच पद्धतीने तो काढतात, त्यामुळे सीमेच्या दोन्ही बाजूंच्या आकड्यांची तुलना करायला हरकत नाही. मात्र ‘वाऱ्यामुळे ११ अंशांनी जास्त थंडी वाटेल’ असं वाक्य आलं तर तो पुन्हा फरक आहे: १९.८, ३२ नाही.

कुठल्या कामाला कुठला आकडा घ्यायचा हेही इथेच बघून घ्या. उघड्या कातडीसाठी विंड चिल बघायचा. गाडीच्या काचेवर मारायच्या द्रवासाठी हवेचं तापमान बघायचं, कारण वारा उभ्या गाडीला लवकर थंड करतो, पण हवेच्या तापमानाखाली नेत नाही. अमेरिकेत घेतलेल्या बाटलीवर ‘-20°F’ असेल तर विनिपेगच्या उणे १७ फॅरनहाइटच्या रात्री तो द्रव जेमतेम तीन अंशांनी तरतो. चुकून बाटलीवरचे उणे २० सेल्सिअस धरले तर उणे २७ ला तो गोठेल असं वाटून नवी बाटली घ्याल. ती चूक निदान सुरक्षित बाजूची.

टप्पा ९: कॅल्क्युलेटर आणि स्प्रेडशीट

दुकानात असतो तसा साधा कॅल्क्युलेटर बटणं दाबाल त्या क्रमाने हिशेब करतो. त्याच्यावर `32 − 12 × 1.8` दाबलं की तो आधी ३२ मधून १२ काढतो, २० ला १.८ ने गुणतो आणि ३६ दाखवतो. फोनमधलं ॲप गुणाकार आधी करून बरोबर १०.४ देतं. तुमच्या हातातलं यंत्र कुठल्या जातीचं आहे हे माहीत नसेल तर दोन हप्त्यांत करा: आधी `12 × 1.8`, आलेला आकडा लिहा, मग `32` मधून तो वजा करा.

पंधरा दिवसांचा अंदाज एकदम बदलायचा असेल तर स्प्रेडशीट बरी. तिथे ‘घसरण’ काढायची गरज नाही, चिन्ह यंत्र सांभाळतं. यांपैकी कुठलंही एक सूत्र वापरा:

```
=A2*9/5+32
=CONVERT(A2,"C","F")
```

वेबपानावरून आकडे चिकटवले तर `#VALUE!` येऊ शकतं. कारण छापील उणे चिन्ह आणि कीबोर्डवरची रेघ ही संगणकाच्या लेखी दोन वेगळी अक्षरं आहेत, आणि पहिलं असेल तर तो आकड्याला मजकूर समजतो. असा आकडा चौकटीत डावीकडे चिकटलेला दिसतो, खरा अंक उजवीकडे असतो. दुरुस्ती अशी:

```
=VALUE(SUBSTITUTE(A2,UNICHAR(8722),"-"))
```

रेघ हाताने खोडून प्रश्न सोडवू नका. रेघ गेली की चूक दाखवणारा संदेशही जातो आणि उणे १३ चे निमूटपणे ५५.४ होतात.

सूत्र खाली ओढण्याआधी पहिल्या चौकटीत `-40` टाका. उत्तर `-40` आलं पाहिजे. 104 आलं तर चिन्ह हरवलं आहे, -104 आलं तर ते शेवटी लावलं गेलं आहे, आणि -14.4 आलं तर ३२ गुणाकाराआधी मिळवले गेले आहेत.